पन्नास हर्ट्झच्या गर्दीत एक मूठ

मूठ आवळली की कोपराखालच्या स्नायूंमध्ये जो विद्युत-कल्लोळ उठतो, तो कातडीपर्यंत येईतो एक-दोन मिलिव्होल्ट उरतो. भिंतीतल्या वायरी, ट्यूबलाइट, टेबलावरचा चार्जर यांच्यामुळे त्याच कातडीवर ५० हर्ट्झचा जो दाब चढलेला असतो, तो एखाद्या व्होल्टपर्यंत सहज जातो. म्हणजे हवा असलेला आवाज नको असलेल्या आवाजाच्या हजारपट खाली दबलेला असतो. त्यात स्नायूच्या सिग्नलची ताकद मुख्यतः ५० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात असते, त्यामुळे घरची वीज नेमकी त्याच्या दारात उभी राहते. स्नायूच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारा छोटा ग्रिपर करायला घेतला, की खरं काम हे एवढंच असतं. मोटर आणि प्लॅस्टिकची बोटं बाजारात मिळतात. ही मिलिव्होल्टभर कुजबुज स्वच्छ ऐकणं हाताने साधावं लागतं आणि ते मोठ्या भागाने कातडीवरच साधतं. फिल्टरचा नंबर त्यानंतर लागतो.

गेल्या हिवाळ्यात एक विद्यार्थिनी असा ग्रिपर घेऊन आली. हात सैल सोडून बसली तरी ग्रिपर थरथरत होता, अर्धवट मिटायचा, उघडायचा, पुन्हा मिटायचा. तिची मांडणी नेहमीचीच होती. आयएनए१२८ हा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, पुढे आणखी एक वर्धनाचा टप्पा, रेक्टिफायर, मग अर्डुइनो आणि एसजी९० सर्व्हो. तिला हवा होता ५० हर्ट्झ कापणारा नॉच फिल्टर. मी म्हटलं, थांब, आधी हा आवाज आत कुठून येतोय ते बघू.

सर्वांत आधी लॅपटॉपचा चार्जर काढला. तो गोंगाटासाठी नव्हे, सुरक्षेसाठी. अंगाला इलेक्ट्रोड चिकटलेले असताना सर्किटचा कुठलाही धागा भिंतीतल्या विजेपर्यंत जाता कामा नये. ॲम्प्लिफायर बॅटरीवर असला तरी यूएसबीच्या वायरीतून तो चार्जरशी जोडला जातोच. त्यामुळे लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालवायचा, यात सवलत नाही.

मग सर्व्होची वीज तोडली आणि नुसते आकडे पाहिले. हात सैल, तरी अर्डुइनोवर २४६ च्या आसपास रीडिंग ठाम उभं. म्हणजे सर्व्हो हे एकमेव कारण नव्हतं. रेक्टिफायरच्या आधीची लहर बॅटरीवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपवर घेतली तर गुळगुळीत, दर २० मिलिसेकंदांनी परत येणारी साइन लहर दिसली. स्नायूचा सिग्नल असा कधीच दिसत नाही. तो झाडीसारखा विस्कटलेला असतो, एक शेंडा दुसऱ्यासारखा नसतो. लहर नियमित दिसली की ती विजेची समजावी.

त्यानंतरची कसोटी मला फार आवडते, कारण ती मिनिटभरात दोष कोणाचा ते सांगते. दोन्ही इनपुटच्या क्लिपा एकाच इलेक्ट्रोडला लावायच्या, तिसरा संदर्भ इलेक्ट्रोड जागेवरच ठेवायचा. तसं केल्यावर साइन लहर जवळजवळ नाहीशी झाली. ॲम्प्लिफायर निर्दोष होता, दोष दोन इलेक्ट्रोडमधल्या फरकात होता.

हे का घडतं, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. भरती आली की शेजारच्या दोन होड्या सारख्याच उचलल्या जातात. इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर पाण्याची उंची मोजत नाही, दोन होड्यांमधला फरक तेवढा मोजतो. दोन्ही इनपुटवर समान असलेला १ व्होल्ट तो लाखपटीने दाबू शकला, तर उरतात १० मायक्रोव्होल्ट. ते आपल्याला चालतात. पण हे समानपण ॲम्प्लिफायरच्या दारापर्यंत टिकायला हवं. तिच्या वायरी लांब होत्या आणि वेष्टणवाल्या होत्या. अशा वायरीची धारकता सुमारे ३०० पिकोफॅरड धरली, तर ५० हर्ट्झला तिचा अडथळा साधारण १०.६ मेगओहम होतो. आता एका इलेक्ट्रोडखालच्या कातडीचा अडथळा दुसऱ्याखालच्यापेक्षा २० किलोओहमने जास्त आहे असं समजा. त्या बाजूने येणारा १ व्होल्ट वाटेतच थोडा मागे पडतो, आणि दोन बाजूंत २० हजार भागिले १०.६ दशलक्ष, म्हणजे जवळजवळ १.९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. हा फरक आता खराच फरक आहे. ॲम्प्लिफायर तो इमानदारीने हजारपट मोठा करतो. पुढे १.९ व्होल्टची लहर मिळते, रेक्टिफाय करून तिची सरासरी घेतली की १.२ व्होल्ट, आणि ५ व्होल्टच्या मोजपट्टीवर १०२३ पैकी २४६. शांत बसलेल्या हाताचं रीडिंग असं आलं होतं. चिपच्या डेटाशीटमधला दमनाचा आकडा कितीही मोठा असो, कातडीचा असमतोल तो खाऊन टाकतो.

इलेक्ट्रोड पाहिले. औषधांच्या दुकानात मिळतात तेच ईसीजीचे, चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे, जेलवाले. एक ताजा होता, दुसरा आधी वापरून पुन्हा चिकटवलेला, जेल कडेने सुकलेलं. हिवाळ्यात कातडी कोरडी असते, त्याने भर पडली. स्पिरिटने जागा पुसली, खरबरीत कापडाने हलकं घासलं, कातडी किंचित गुलाबी होईल इतकंच. दोन्ही इलेक्ट्रोड नवे लावले आणि जेल मुरायला काही मिनिटं दिली. वायरी आखूड करून एकमेकींत पिळल्या. सैल हाताचं रीडिंग तिशीच्या खाली उतरलं. असमतोल दहापट कमी झाला की साधारण तेवढंच यायला हवं.

नॉच फिल्टर लावला असता तर काय झालं असतं? साइन लहर लहान झाली असती, पण त्याबरोबर स्नायूचाही मधला भाग कापला गेला असता. वीज नुसती ५० वर राहत नाही. एलईडी आणि चार्जर १५० हर्ट्झवरही आपली खूण सोडतात, आणि त्याला हा फिल्टर हात लावत नाही. माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. ५० हर्ट्झची वाढती लहर म्हणजे इलेक्ट्रोड सुटत चालल्याची खबर. नॉच ती खबरच दाबतो. म्हणून कातडी, वायरी आणि जागा यांचं सगळं करून झाल्यावरच मी त्याचा विचार करतो, आणि ग्रिपरसाठी त्याची गरज क्वचित पडते.

जे फिल्टर खरोखर लागतात ते दोन्ही टोकांचे. पहिल्या टप्प्याचं वर्धन मुद्दाम १० च्या आसपास ठेवायचं. आयएनए१२८ ला ५.६ किलोओहमचा रोधक लावला की तेवढं मिळतं. कारण कातडी आणि धातू भेटतात तिथे स्वतःचा एक स्थिर दाब तयार होतो आणि दोन इलेक्ट्रोडमधला फरक शेकडो मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. सुरुवातीलाच पाचशेपट केलं, तर २० मिलिव्होल्टचा फरकही १० व्होल्ट होऊन ॲम्प्लिफायर एका भिंतीला जाऊन टेकतो आणि स्क्रीनवर नुसती सरळ रेघ दिसते. दहापट करून मग १ मायक्रोफॅरड आणि ८.२ किलोओहम अशी जोडी घातली की साधारण २० हर्ट्झखालचं सगळं, म्हणजे तो स्थिर दाब आणि वायर हलल्याने येणारे मोठे झोके, गळून जातं. त्यानंतर निर्धास्तपणे शंभरपट करावं. वरच्या बाजूला ५०० हर्ट्झपाशी बंद करावं.

जागेबद्दल. मूठ आवळायला सांगून दुसऱ्या हाताच्या बोटांनी तळहाताच्या बाजूने चाचपायचं. कोपरापासून साधारण एक तृतीयांश खाली जिथे फुगवटा उठतो, ते स्नायूचं पोट. दोन्ही इलेक्ट्रोड तिथे, हाताच्या लांबीच्या दिशेने, केंद्रांमध्ये २० मिलिमीटर अंतर ठेवून. हाताला आडवे लावले तर दोघांना एकाच क्षणी जवळजवळ एकच दिसतं, आणि फरक मोजणाऱ्या ॲम्प्लिफायरला हाती काही लागत नाही. मनगटाकडे सरकलात तर खाली नुसत्या कंडरा असतात, सिग्नल उतरतो. संदर्भ इलेक्ट्रोड स्नायू नसलेल्या ठिकाणी, कोपराच्या हाडावर.

आता उरला सर्व्हो. सैल हाताचं २४६ आणि ग्रिपर मिटण्यासाठी तिने ठेवलेली मर्यादा ३००, मधे जागा असूनही ग्रिपर का थरथरत होता? सर्व्हो अर्डुइनोच्याच ५ व्होल्टवर होता. तो सुटताना काहीशे मिलिअँपिअर ओढतो आणि क्षणभर तो दाब ४ व्होल्टवर येतो. अर्डुइनोची मोजपट्टी तोच दाब असल्याने १.२ व्होल्ट तेव्हा ३०७ वाचला जातो. स्नायू हललेला नसतो, पट्टी आखूड झालेली असते. मर्यादा ओलांडली म्हणून ग्रिपर मिटतो, मोटर थांबली की दाब सावरतो, पुन्हा २४६, म्हणून उघडतो, आणि उघडताना परत तेच. एखाद्या धक्क्याने एकदा सुरू झालेलं हे चक्र आपलं आपण चालू राहतं. सर्व्होला चार सेलचा वेगळा संच दिला, त्याच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, आणि दोन्हीकडचं ग्राउंड एकाच ठिकाणी जोडलं. वर प्रोग्राममध्ये मिटण्याची आणि उघडण्याची मर्यादा वेगवेगळी केली:

```
if (!band && env > 300) band = true;
if (band && env < 180) band = false;
```

रेक्टिफायरनंतरची लहर सपाट करायला १०० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड पुरतात. त्याने इशाऱ्याला दशांश सेकंदाचा उशीर होतो. अधिक सपाट करण्याचा मोह टाळावा, उशीर पाव सेकंदापलीकडे गेला की माणूस ग्रिपरची वाट बघत अधिक जोराने मूठ आवळू लागतो आणि हात दमतो.

एवढं होऊनही एक गोष्ट तिला दाखवली, कारण ती सुटत नाही. बोटं सैल ठेवून तिने फक्त मनगट वाकवलं, ग्रिपर मिटला. बोटं मिटवणारा स्नायू मनगट वाकवणाऱ्या स्नायूंच्या खाली दडलेला असतो, कातडीवरच्या इलेक्ट्रोडला वरचा आवाज आधी पोहोचतो. मग तळहात वर होता तो खाली फिरवला, तर तीच मूठ निम्मं रीडिंग देऊ लागली, कारण कातडी जागेवर राहून स्नायू तिच्याखालून सरकला होता. म्हणून मर्यादा ठरवताना हात ज्या अवस्थेत वापरायचा त्याच अवस्थेत ठेवावा, आणि दोन-तीन अवस्थांतलं सर्वांत कमकुवत रीडिंग धरावं. तिने तळहात खाली करून पुन्हा मोजलं आणि ३०० च्या जागी २२० लिहिलं, उघडण्यासाठी १४०.