अंतराने केलेली उजळणी

नवा शब्द एका बैठकीत तीस वेळा वाचला, की तो आपलासा झाला असे वाटते. प्रत्यक्षात त्या क्षणी तो डोळ्यांसमोर असतो, म्हणून ओळखीचा वाटतो. न पाहता आठवणे ही निराळी गोष्ट आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ करून विस्मरणाचे मोजमाप केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. बारा अक्षरगटांच्या यादीची एकाच दिवशी केलेली ६८ आवर्तने जेवढी उपयोगी पडली, तेवढीच तीन दिवसांत विभागलेली ३८ आवर्तनेही पडली. म्हणजे मधल्या अंतराने जवळजवळ निम्मे श्रम वाचविले.

सांगलीच्या बाजारपेठेत हळदीची अडत असलेल्या एका गृहस्थांनी पन्नाशीनंतर कानडी शिकावयास घेतली, तेव्हा या तत्त्वाचा त्यांना उपयोग झाला. सीमाभागातून माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांशी दर, वजन, उचल हे सारे दुसऱ्याच्या तोंडून बोलावे लागे. आपल्या मालाची पट्टी मालकाने आपल्याच भाषेत समजावून द्यावी, ही शेतकऱ्याची अपेक्षा रास्त होती.

त्यांनी सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात सुचविलेली पेटी तयार केली. पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच कप्पे. प्रत्येक चिठ्ठीच्या एका बाजूस कानडी शब्द, दुसऱ्या बाजूस मराठी अर्थ. पहिल्या कप्प्यातील चिठ्ठी दुसऱ्या दिवशी पाहावयाची, दुसऱ्यातील दोन दिवसांनी, पुढच्या कप्प्यांतील अनुक्रमे चार, आठ आणि सोळा दिवसांनी. उत्तर बरोबर आले तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात. चुकले तर थेट पहिल्या कप्प्यात. जुन्या, खात्रीच्या गिऱ्हाइकाकडे वसुलीसाठी क्वचित जावे आणि नव्याकडे वारंवार, तसाच हा व्यवहार. मात्र चिठ्ठी उलटण्यापूर्वी उत्तर मनात आणलेच पाहिजे. विसरण्याच्या बेतात असलेला शब्द प्रयत्नाने आठवला, की तो अधिक दृढ होतो.

‘साल’ या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. कानडीत साल म्हणजे कर्ज. मराठी मनाला मात्र वर्ष आठवते. १ जूनला लिहिलेली चिठ्ठी २ तारखेला बरोबर आली. ४ तारखेला ‘वर्ष’ हे उत्तर आले आणि ती पहिल्या कप्प्यात परतली. त्यानंतर ५, ७, ११ आणि १९ जून या चारही दिवशी उत्तर बरोबर आले. शेवटी सोळा दिवसांनी, ५ जुलैला, ते पुन्हा बरोबर आले आणि चिठ्ठी पेटीबाहेर पडली. पस्तीस दिवसांत सात वेळा पाहणे एवढाच तिचा खर्च.

परंतु काही चिठ्ठ्या पुनःपुन्हा पहिल्या कप्प्यात परतू लागल्या. ‘बेले’ म्हणजे किंमत, ‘बेळे’ म्हणजे पीक. आणि त्याच ‘बेळे’तील पहिला एकार दीर्घ उच्चारला की अर्थ होतो डाळ. एकाराचा हा ऱ्हस्व-दीर्घ भेद मराठीत नसल्याने कानाला तो जाणवत नाही. अशा वेळी आवर्तने वाढवून उपयोग नसतो, कारण दोष चिठ्ठीत असतो. त्यांनी तिन्ही शब्द एकदम शिकणे थांबविले. आधी ‘बेले’ एका पूर्ण वाक्यासह पक्का केला, दुसरा काही आठवड्यांनी घेतला, आणि उच्चार कानडी बोलणाऱ्या हमालाकडून ऐकून घेतले. चार-पाचदा परतलेली चिठ्ठी नव्याने लिहावी, हा त्यातून मिळालेला नियम.

दुसरी अडचण हिशेबाची होती. प्रत्येक चिठ्ठी एकही चूक न होता किमान पाच वेळा पाहावी लागते. रोज दहा नवे शब्द घेतले, तर महिन्याभरानंतर रोज पन्नास चिठ्ठ्या समोर येतात; चुकांची भर वेगळीच. दुकान सांभाळून ते जमेना, म्हणून त्यांनी शब्द पाचवर आणले. मग दुकान उघडण्यापूर्वीची दहा मिनिटे पुरू लागली. घरच्या कार्यामुळे आठवडाभर खंड पडला, तेव्हा त्यांनी नवे शब्द थांबविले आणि आधी साचलेल्या चिठ्ठ्या संपविल्या.

पेटीची मर्यादाही लवकरच कळली. कानडी शब्द वाचून अर्थ सांगता येई. पण शेतकऱ्यासमोर बोलताना तोच शब्द ओठांवर येत नसे. कारण सराव एकाच दिशेने झाला होता. मग वजनासाठी ‘तूक’, उद्यासाठी ‘नाळे’ अशा रोज लागणाऱ्या शब्दांच्या, मराठी बाजू वर ठेवलेल्या, वेगळ्या चिठ्ठ्या झाल्या. त्या पाचव्या कप्प्यात पोहोचल्यावर काट्याजवळ वजन आणि दर सांगण्यास मध्यस्थ लागेनासा झाला. लांब वाक्यांसाठी मात्र अजूनही मुनिमाला हाक मारावी लागते. पेटी शब्द जपते, बोलणे माणसांतच शिकावे लागते.