उन्हाळ्यात बाबांची कोणती गोळी बदलली आणि कोणती नाही

एप्रिल-मे महिन्यात माझ्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, उन्हाळ्यात बीपी कमीच असतं ना, मग गोळी बंद करू का?" आणि डिसेंबरमध्ये त्याच्या उलट: "थंडीत बीपी वाढतं म्हणे, गोळी वाढवायची का?" दोन्ही प्रश्नांत तथ्य आहे. पण या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकातून जेवढं शिकले, त्याहून जास्त माझ्या वडिलांकडून शिकले, आणि तेही माझी चूक झाल्यावर.

बाबा निवृत्त शिक्षक. वय ७६, मुक्काम अकोला. बीपीचा त्रास ६४व्या वर्षी सुरू झाला, तेव्हापासून औषधं तीच. सकाळी एक गोळी, जिच्यात टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम अशी दोन औषधं एकत्र आहेत. रात्री अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम. बारा वर्षं एक दिवस खंड नाही. बीपी कायम १३०च्या आसपास. "चांगलं चाललंय, हात लावायचा नाही," असं मीच सांगत आले होते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "अगं, सकाळी पलंगावरून उठलो की डोळ्यांपुढे जरा अंधारी येते. बाकी काही नाही." अकोल्यात तेव्हा पारा ४४ अंशांवर. मी विचारलं, बीपी किती? भावाने खुर्चीत बसवून मोजलं होतं: ११८/७०. मी म्हणाले, "उत्तम आहे की! ऊन फार आहे, पाणी भरपूर प्या." आणि फोन ठेवला.

त्यानंतर आठ दिवसांनी पहाटे तीनला लघवीला उठले, दोन पावलं चालले आणि कोसळले. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. डोक्याला लागलं नाही, एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला पोहोचले आणि जे पहिल्या फोनलाच करायला सांगायला हवं होतं, ते केलं. बाबांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजलं: १२२/७०. मग उभं केलं, शेजारी भाऊ आधाराला. एका मिनिटाने ९८/६०, तीन मिनिटांनी ९४/५८, आणि बाबा म्हणाले, "हेच, हेच होतं मला." उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर त्याला उभं राहिल्यावर होणारी बीपीची घसरण म्हणतात. बाबांचा वरचा आकडा २८ ने घसरला होता. बसून मोजलेल्या ११८ने ते लपवून ठेवलं होतं.

रक्त तपासलं. सोडियम १२८ आलं. ते १३५ ते १४५ मध्ये असायला हवं. क्रिएटिनिन गेल्या वर्षी १.१ होतं, ते १.४ झालं होतं.

काय घडलं ते समजून घेऊ. उष्म्यात शरीर आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करतं. वाहिन्या रुंद झाल्या की दाब उतरतो. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं, तेव्हा दाब आणखी उतरतो. तरुण माणूस उभा राहिला की त्याचं शरीर क्षणात पायाकडच्या वाहिन्या आवळून, हृदयाची गती वाढवून हे सांभाळून घेतं. वय वाढलं की ही सांभाळण्याची क्रिया मंद होते, तहानही कमी लागते. त्यात बाबांच्या सकाळच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोन हे मूत्रावाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध. हिवाळ्यात जे हवं तेवढंच काम करत होतं, तेच मे महिन्यात घामाच्या जोडीला जाऊन बसलं.

आणि माझा सल्ला? या गटातली औषधं वयस्कर माणसांत सोडियम उतरवू शकतात, आणि अशा वेळी माणूस नुसतं साधं पाणी पीत राहिला तर रक्तातलं उरलेलं सोडियम आणखी पातळ होतं. बाबा माझं ऐकून दिवसाला चार लिटर पाणी पीत होते. मी सांगितलेलं पाणीच त्यांच्या अडचणीत भर घालत होतं.

आणखी एक गोष्ट घरच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती. ६४व्या वर्षी बाबांचं वजन ६८ किलो होतं, आता ६१. जेवण कमी झालं होतं, ताटातलं लोणचं-पापड सुटलं होतं. म्हणजे औषध तेच राहिलं, पण ज्या शरीरासाठी ते ठरवलं होतं ते शरीर बदललं. मी "हात लावायचा नाही" म्हणत होते ते बारा वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल.

तिथल्या फिजिशियनशी बोलून आम्ही एकच बदल केला: क्लोरथॅलिडोन काढलं. टेल्मिसार्टन ४० एकटं ठेवलं, अ‍ॅम्लोडिपिन तेच. काही दिवस साध्या पाण्याचं प्रमाण बेताचं केलं आणि जेवण नेहमीसारखं, मिठासकट. इथे एक व्यवहारातली अडचण आली, ती तुमच्याही घरी येऊ शकते. जोडगोळीतलं एकच औषध काढायचं म्हणजे गोळी अर्धी करून चालत नाही. वेगळी स्ट्रिप घ्यावी लागते. नावं जवळजवळ सारखी, फक्त शेवटची एक-दोन अक्षरं वेगळी. बाबांच्या डब्यात जुन्या तीन स्ट्रिप होत्या. "फुकट जातील," म्हणून ते त्या संपवणारच होते! मी त्या सोबत घेऊन आले. औषध बदललं की स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेली औषधांची नावं वाचा, आणि जुना साठा घरात ठेवू नका.

दोन आठवड्यांनी झोपून १३२/७६, उभं राहून १२४/७४. सोडियम १३७, क्रिएटिनिन १.१. अंधारी थांबली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण बाबांनी तिचा अर्थ वेगळाच काढला. "एक गोळी निम्मी झाली आणि मी ठणठणीत झालो, मग बाकीच्या तरी कशाला?" जुलैत त्यांनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन परस्पर सोडलं. मला कळलं ते रक्षाबंधनाला, स्ट्रिप मोजताना. मी त्यांना समजावलं ते असं: बीपीची गोळी बदलली, कारण ऋतू आणि वयाने ज्या गोष्टीवर ती काम करते तीच गोष्ट बदलली होती, आणि ते आपल्याला मोजता आलं. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं तसं काहीच झालं नव्हतं. ऊन असो की थंडी, तिचं काम तेच, आणि तिचा त्रासही त्यांना नव्हता. आईची थायरॉइडची गोळीही तशीच. सकाळी उपाशीपोटी, रोज, बाराही महिने. दिनचर्येतली एक गोष्ट बदलली म्हणून शेजारची बदलायचं कारण नसतं.

नोव्हेंबरमध्ये दिवाळी झाल्यावर मी त्यांना आठवडाभर बीपी लिहून ठेवायला सांगितलं. पद्धत सोपी आहे, पण नीट पाळावी लागते. लघवी करून या, पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नको. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. सकाळी गोळी आणि चहाच्या आधी दोनदा, एका मिनिटाच्या अंतराने, संध्याकाळी तसंच. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकी सहा दिवसांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५च्या खाली असेल तर साधारण ठीक.

बाबांची सरासरी १३४/७८ आली. मधल्या एका संध्याकाळी १५६ होता. त्या दिवशी त्यांचं शेजाऱ्यांशी पार्किंगवरून वाजलं होतं. भावाने लगेच फोन केला, "जुनी गोळी सुरू करू का?" नाही. एका आकड्यावर औषध बदलत नाहीत, आठवड्यावर बदलतात. आम्ही काहीच केलं नाही.

जानेवारीत कडाका वाढला. थंडीत वाहिन्या आकसतात, घाम जवळपास बंद होतो. पुन्हा आठवडाभर मोजलं: सरासरी १४८/८४, उभं राहूनही १४४. आता बदलायला कारण होतं. क्लोरथॅलिडोन परत आणलं नाही, कारण एकदा सोडियम उतरवलेलं औषध त्याच माणसाला पुन्हा देण्यात धोका असतो. टेल्मिसार्टन ४० चं ८० केलं आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासलं. दोन्ही ठीक. होळीनंतर पुन्हा आठवडाभर मोजून ते ४० वर आणलं.

आता आमच्या घरी होळीनंतरचा आणि दिवाळीनंतरचा एक आठवडा बीपीचा असतो, आणि त्यात एकदा उभं राहूनही मोजायचं. शिवाय जुलाब-उलट्या झाल्या, जेवण तुटलं, वजन दोन-चार किलोंनी उतरलं, किंवा उठताना अंधारी आली, तर सणाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. विशेषतः जुलाब-उलट्यांत टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे विचारायचं. मूत्रपिंडावर ताण येतो तो याच दिवसांत. काही औषधं मात्र एकदम थांबवणं उलट धोक्याचं असतं. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, क्लोनिडिन अशी गोळी चालू असेल तर स्वतःहून एकही दिवस बंद करू नका.

बाबांचं मनगट जुळलं आहे, जरा वाकडं. पहाटे उठताना ते आता पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसतात, मग उभे राहतात. ही सवय बारा महिने ठेवायची, ऋतू कुठलाही असो. परवा फोनवर म्हणाले, "ऊन सुरू झालंय, मोजायला घेऊ का?" मी म्हटलं, घ्या. आणि या वेळी पाण्याबद्दल सांगण्याआधी मी विचारलं, "उभं राहून किती आहे?"