वक्र टीव्ही आणि आप्पांचा दिवाण

टीव्हीचा पडदा वाकवला की तो एका वर्तुळाचा तुकडा होतो, आणि वर्तुळाला केंद्र एकच असतं. वक्र टीव्हीबद्दलचा सगळा वाद माझ्या मते या एका ओळीत आहे. प्रश्न एवढाच, की त्या केंद्राच्या दिशेला तुमच्या घरात कोण बसतं?

आमच्या साताऱ्याच्या घरात तिथे कुणीच बसत नाही. म्हणजे सोफा आहे समोर, पण त्यावर दुपारभर वाळलेले कपडे असतात. टीव्हीचे खरे मालक आप्पा, माझे आजोबा. कमरेच्या ऑपरेशननंतर ते बाजूच्या भिंतीलगतच्या दिवाणावर असतात आणि तिथून फारसे हलत नाहीत. सकाळच्या बातम्या, दुपारची जुनी मॅच, रात्रीच्या मालिका, सगळं तिरक्या नजरेने.

मामाने पुण्यात नवा फ्लॅट घेतला आणि त्याचा पंचावन्न इंची वक्र टीव्ही आम्हाला द्यायचा ठरवला. फुकट. आईचं म्हणणं, भावाने प्रेमाने दिलेली वस्तू परत कशी करायची? शिवाय मामाचा ठाम दावा होता, की पडदा वळलेला असल्यामुळे बाजूला बसणाऱ्यालाही छान दिसतं. घरातला इंजिनीअर मी, त्यामुळे निकाल माझ्यावर आला.

वक्र टीव्ही गाजायला लागले २०१३ मध्ये, जेव्हा सॅमसंग आणि एलजी या दोघांनी लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात वळलेले ओएलईडी पडदे मांडले. नंतर एलसीडीतही ते आले. मामाचा टीव्ही त्यातलाच, एलसीडी. त्याची त्रिज्या ४.२ मीटर, म्हणजे तसे पडदे शेजारी शेजारी लावत गेलात तर ४.२ मीटर त्रिज्येचं वर्तुळ पूर्ण होईल. ऐकायला भारी वाटतं. पण पंचावन्न इंची पडद्याची रुंदी जेमतेम १२२ सेंटिमीटर असते. तेवढ्यात दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा फक्त साडेचार सेंटिमीटर पुढे येतात आणि प्रत्येक कड साधारण ८ अंशांनी आत वळते. सगळा खेळ या ८ अंशांचा.

आधी सोफ्यावर बसू. डोळे पडद्यापासून अडीच मीटरवर. सपाट टीव्हीची कड तिथून सुमारे १४ अंश तिरकी दिसते, वक्र टीव्हीची ६ अंश. फायदा आहे, नाही असं नाही. पण १४ अंशांवर बहुतेक पडद्यांचे रंग फारसे बिघडतच नाहीत. जे दुखत नव्हतं त्यावरच औषध. माझ्या कामाच्या टेबलावर वक्र मॉनिटर आहे आणि तो मी कुणाला देणार नाही, कारण तिथे मी एकटा असतो, पडद्यापासून सत्तर सेंटिमीटरवर आणि बरोबर मध्ये. तिथे सपाट पडद्याची कड ३० अंश तिरकी झाली असती, म्हणून वक्रता तिथे खरंच काम करते. हॉलमध्ये अंतर वाढतं आणि माणसंही वाढतात.

आता दिवाण. टेप घेऊन मोजलं. आप्पांचे डोळे पडद्याच्या मध्यरेषेपासून १.८ मीटर उजवीकडे आणि टीव्हीच्या भिंतीपासून २ मीटरवर. पडद्याचा मध्य त्यांना ४२ अंश तिरका दिसतो, मग पडदा सपाट असो की वक्र. फरक कडांना पडतो. सपाट पडद्याची जवळची कड त्यांना ३१ अंशांवर दिसते आणि लांबची ५० वर. वक्र पडद्याची लांबची कड त्यांच्याकडे वळते, ती ४३ वर येते. इथपर्यंत मामा बरोबर. पण जवळची कड त्याच वेळी त्यांच्याकडे पाठ फिरवते आणि ३१ वरून ४० वर जाते! एका टोकाला जे मिळतं तेच दुसऱ्या टोकाला जातं. बाजूने वक्र पडदा एकसारखा दिसतो हे खरं. पण एकसारखा म्हणजे सगळीकडून ४० अंश तिरका.

मग ४० अंशांवर काय होतं ते पडदा कशाचा आहे त्यावर ठरतं, आकारावर नाही. वक्र एलसीडी टीव्ही बहुतेक व्हीए पॅनलचे असत. समोरून काळा रंग अगदी गडद, पण बाजूला सरकलात की धुरकट होतो आणि चेहरे पिठूळ दिसतात. आयपीएस पॅनलचा काळा रंग समोरूनही जरा राखाडीच, पण बाजूने चेहऱ्यांचे रंग बरेच टिकतात. ओएलईडीला दोन्ही जमतं, खिशाला जमत नाही.

नुसत्या गणितावर मामाशी भांडायचं नव्हतं. त्याच्याच घरी गेलो, मॅचमधलं एक दृश्य थांबवलं, फोनच्या कॅमेऱ्याचं एक्सपोजर लॉक केलं आणि दोन फोटो काढले: एक समोरून, एक टेपने मोजलेल्या आप्पांच्या जागेवरून. लॉक महत्त्वाचं, नाहीतर फोन स्वतःच उजेड सावरून घेतो आणि फरक लपतो. दुसऱ्या फोटोत काळी साइटस्क्रीन राखाडी झाली होती. मामा फोटोकडे बघत राहिला. म्हणाला, "अरे, पण मी कधी तिथे बसलोच नाही." आणि ते खरंच होतं. त्याच्या घरी समोर एकच आरामखुर्ची आहे.

आमच्या हॉलची आणखी एक अडचण होती, खिडकी. ती सोफ्याच्या मागच्या भिंतीत, टीव्हीच्या बरोबर समोर. वक्र पडदा हा आडव्या दिशेने अंतर्गोल आरसा असतो. सोफ्यावरून बघताना सपाट टीव्हीत मागच्या भिंतीचा पावणेतीन मीटरचा पट्टा दिसेल, तर वक्र टीव्हीत जेमतेम ९२ सेंटिमीटरचा, ताणून पूर्ण रुंदीभर. आमची खिडकी तीन फुटांची, म्हणजे ९१ सेंटिमीटर! सपाट पडद्यावर तिचं प्रतिबिंब रुंदीच्या एक तृतीयांश भागात मावेल, वक्र पडद्यावर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरेल. खिडकी बाजूच्या भिंतीत असती तर उलट झालं असतं. वक्र पडद्याने समोरच्या माणसापुरती तिला चित्रातून हाकललं असतं. त्यामुळे 'वक्र पडद्यात चकाकी कमी' आणि 'वक्र पडद्यात चकाकी जास्त' म्हणणारे दोघेही आपापल्या घरापुरते बरोबर असतात.

धाकटी बहीण जमिनीवर गादी टाकून बघते. तिच्यासाठी वक्र पडद्याचे कोपरे जवळ आणि डोळ्यांच्या वर, म्हणून वरची कड दोन्ही टोकांना दीडेक सेंटिमीटर उचललेली दिसणार. सिनेमात हे विसरायला होतं, स्कोअरच्या सरळ पट्टीत नाही.

शेवटी आईनेच मामाला फोन केला. आप्पांच्या जागेवरून नीट दिसत नाही म्हणाली, बाकी काही नाही. मामाने वाईट वाटून घेतलं नाही, निदान तसं बोलून दाखवलं नाही. आम्ही पन्नास इंची सपाट आयपीएस टीव्ही आणला, दुकानात सेल्समन समोर उभं राहायला सांगत असताना चार पावलं बाजूला जाऊन बघून. खिडकीला पडदा शिवला. भिंतीवर फिरणारा ब्रॅकेट लावला आणि टीव्ही दिवाणाकडे २० अंश वळवून ठेवला. यात मात्र देवाणघेवाण नाही, सगळा पडदा एकदमच आप्पांकडे वळतो. मध्याचा कोन ४२ वरून २२ वर आला.

सोफ्यावरून आता तो तिरका दिसतो. बाबांची तक्रार आहे.