दोन @ आणि एक 'रका'

विक्रेत्याला तक्रार लिहायला बसलो तेव्हा पहिलं वाक्य आपसूक उमटलं, 'तुमचा कीबोर्ड चुकीचा आहे.' ते लगेच खोडलं. पलीकडचा माणूस दिवसभर असलीच वाक्यं वाचत असणार आणि त्याचं उत्तर तयार असणार: 'सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदला.'

गंमत म्हणजे ते उत्तर अर्धं खरं असतं. कीबोर्डला अक्षर ठाऊकच नसतं. कळ दाबली की तो संगणकाला त्या कळेचा ठराविक क्रमांक कळवतो. त्या क्रमांकाचं 'क' करायचं की काना, हे संगणकातली निवडलेली मांडणी ठरवते. कळेवरचं छापील अक्षर ही घरावरची पाटी. पाटी बदलली म्हणून आत राहणारा बदलत नाही. म्हणून पाट्या चुकलेला कीबोर्ड यंत्र म्हणून ठणठणीत असतो, आणि विक्रेता निवांत असतो.

मला स्वतःला याचा त्रास झाला नसता. माझी बोटं कळांकडे न बघता चालतात. पण कीबोर्ड मागवला होता मामांसाठी. निवृत्तीनंतर ते गावच्या जुन्या वाड्यांवर लिहितायत, दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. त्यांच्यासाठी छापील अक्षर हाच रस्ता. जाहिरातीत 'देवनागरी, इन्स्क्रिप्ट' असं स्पष्ट लिहिलं होतं. विंडोजमध्ये मराठी निवडली की हीच मांडणी मिळते: स्वर डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे, 'क' इंग्रजी के च्या कळेवर.

मामांनी आधी 'र' दाबून पाहिला. 'र' आला. "झकास आहे रे," म्हणाले. मग 'राम' लिहायला घेतलं. 'र' जे वर छापलेला, काना के वर, 'म' ई वर. तिन्ही कळा त्यांनी नीट बघून दाबल्या आणि पडद्यावर उमटलं 'रका'. छपाई हिंदी टंकलेखन यंत्रांच्या रेमिंग्टन मांडणीची होती, संगणक इन्स्क्रिप्ट समजत होता. इन्स्क्रिप्टमध्ये के वर 'क' असतो आणि ई वर काना. दोन्ही मांडण्यांत 'र' मात्र जे वरच पडतो, म्हणून पहिल्या कळेला सगळं बरोबर वाटलं. एका अक्षरावर कीबोर्ड तपासू नये तो यासाठी. 'क' कुठे छापलाय ते पाहावं: के वर असेल तर इन्स्क्रिप्ट, डी वर असेल तर रेमिंग्टन.

एवढंच असतं तर विक्रेता म्हणाला असता, रेमिंग्टन मांडणी घाला संगणकात. घालता येते. पण या कीबोर्डच्या इंग्रजी छपाईतही दोन देश मिसळले होते. अमेरिकी मांडणीत @ हे शिफ्ट आणि 2 वर असतं. ब्रिटिश मांडणीत ते एंटरशेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळेवर जातं आणि दुहेरी अवतरण 2 वर येतं. आमच्याकडे दोन्ही कळांवर @ होतं, दुहेरी अवतरण कुठेच नव्हतं. अमेरिकी मांडणी निवडली की दुसरी कळ खोटी, ब्रिटिश निवडली की पहिली. दोन्ही खऱ्या ठरतील अशी नेहमीची मांडणी नाही. बहुधा दोन वेगळ्या संचांतल्या टोप्या एकत्र बसवल्या असाव्यात.

तक्रारीचा कणा हाच ठेवला. संदेश असा झाला: 'जाहिरातीत इन्स्क्रिप्ट लिहिले आहे, आलेल्या कीबोर्डवर क हे अक्षर डी वर, म्हणजे रेमिंग्टननुसार छापले आहे. शिवाय @ दोन कळांवर छापले आहे. इंग्रजीची अमेरिकी आणि ब्रिटिश, दोन्ही मांडण्या लावून पाहिल्या. प्रत्येक वेळी एक कळ चुकते. म्हणून हा दोष सेटिंगने जात नाही. जाहिरातीचे, पूर्ण कीबोर्डचे आणि या तीन कळांचे फोटो जोडले आहेत. बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत.' राग, उद्गारचिन्हं, 'मी जुना ग्राहक आहे' वगैरे काही नाही. ते वाचायला कुणी बसलेलं नसतं.

परतीचं कारण निवडताना मात्र बोट सांभाळावं लागतं. यादीत 'आता नको आहे' सगळ्यात वर असतं आणि घाईत तेच दाबलं जातं. मग प्रकरण ग्राहकाच्या लहरीत जमा होतं. 'वर्णनाप्रमाणे नाही' निवडलं की गोष्ट बदलते. ई-व्यापाराच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार, जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल.

तरीही पहिलं उत्तर आलंच: 'कृपया भाषा सेटिंग तपासा.' मी माझ्याच संदेशातलं दोन @ चं वाक्य पुन्हा पाठवलं, सोबत त्या दोन कळांचा एकत्र फोटो. परत न्यायला माणूस येईल असं कळलं.

मामांना हे सगळं अति वाटत होतं. "स्टिकर मिळतात की अक्षरांचे, पन्नासेक रुपयांत," ते म्हणाले. मिळतात. पण देवनागरीचे जवळजवळ सगळेच डकवावे लागले असते, आणि ते घासून निघाले की खालचं रेमिंग्टन पुन्हा डोकं वर काढणार. मामा थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "तो माणूस यायच्या आत मला तेवढं जोश्यांच्या वाड्याचं पान संपवू दे. आता कुठे क सापडायला लागलाय."