पत्र्याखालचा हिरवा बल्ब

स्प्रिंकलरच्या काचेच्या बल्बमधला बुडबुडा मला आता दिसत नाही. शिडीवर चढून, हेड अगदी नाकासमोर आणून, मान तिरकी करून पाहिलं तरी द्रवाचा रंग तेवढा कळतो. त्यातला हवेचा बारीक मणी आहे की नाही, मोठा झालाय की जागेवर आहे, हे भाच्याला विचारावं लागतं. तो खालूनच मोबाइलचा उजेड टाकतो आणि सांगतो, "मामा, आहे. नीट आहे." मी मान डोलावतो, पण आत कुठंतरी खुपतं. हे पाहणं माझं होतं. तेलगाव, माजलगाव, धारूरकडच्या जिनिंगवाल्यांनी मला बोलावलं की गोदामाच्या दारातूनच कोणतं हेड बदलायला लागणार हे मी सांगत असे, आणि चारचौघांनी ते ऐकावं असं मला वाटत असे. त्या वाटण्याचा मला मोह होता, आजही आहे.

त्या बुडबुड्याला मी एवढं का धरून बसलोय, तर हेडची सगळी अक्कल तिथं आहे म्हणून. पाइपात पाणी कायम दाबाखाली उभं असतं. ते बाहेर पडू नये म्हणून तोंडावर एक छोटं झाकण, आणि ते झाकण जागेवर दाबून धरायला फ्रेमच्या दोन हातांमध्ये उभा केलेला हा काचेचा बल्ब. बल्ब द्रवानं पूर्ण भरत नाहीत, थोडी जागा रिकामी सोडतात. तीच बुडबुडा होऊन दिसते. उष्णता लागली की द्रव फुगतो, बुडबुडा आक्रसत जातो आणि शेवटी नाहीसा होतो. तोवर काचेवर फारसा ताण नसतो. बुडबुडा गेला की मात्र द्रवाला पसरायला जागाच उरत नाही. त्यानंतरच्या थोड्याशा अंशांत आतला दाब एकदम चढतो आणि काचेचा चुरा होतो. झाकण उडतं, पाणी डिफ्लेक्टरवर आपटून छत्रीसारखं पसरतं. बल्ब किती अंशांना फुटायचा, हे द्रव कोणता आणि बुडबुडा केवढा यावर कारखान्यातच ठरलेलं असतं. लाल म्हणजे 68, पिवळा 79, हिरवा 93, निळा 141. रंग नुसती ओळखीची खूण आहे, फुटवण्याचं काम त्याचं नाही. म्हणूनच बल्बला केसाएवढी चीर जाऊन द्रव झिरपला, तर रंग तोच राहतो पण ते हेड बाद होतं. बुडबुडा मोठा झालेला असतो, आणि मोठा बुडबुडा उशिरा भरतो.

गिरणीमालक मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. एक फुटला की सगळे फुटतील, मग रुईच्या गाठी आगीनं नाही तर पाण्यानं जातील, त्याचं काय? या भीतीला मी हसत नाही, कारण तसं करणारी यंत्रणा खरोखर असते आणि आपल्या भागातल्या माणसांनी ती पाहिलेली असते. परळीसारख्या औष्णिक वीज केंद्रात मोठ्या ट्रान्सफॉर्मरभोवती पाण्याच्या नळ्यांचं कडं असतं. त्यावरच्या तोट्यांना झाकण नसतं, बल्बही नसतो, त्या कायम उघड्या. बल्ब असतात ते वेगळ्या बारीक पाइपावर, पहारेकरी म्हणून. त्यातला एक फुटला की त्या पाइपातला दाब उतरतो, मोठा व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळ्या तोट्या एकदम सुटतात. तेलानं भरलेल्या ट्रान्सफॉर्मरला तेच हवं. सिनेमात दाखवतात ते याच्यासारखं काहीतरी. गोदामात मी बसवतो त्यात मात्र प्रत्येक हेड आपल्यापुरतं आहे. शेजाऱ्याशी त्याचा वायरीनं संबंध नाही, धुरानं ते उघडत नाही, भोंग्याचं बटण दाबल्यानं उघडत नाही. पाणी सगळ्यांच्या पाठीशी सारखंच उभं आहे, पण झाकण सुटायला त्या त्या बल्बची काच तापावी लागते. आणि आगीची ऊब सगळीकडे सारखी नसते. गरम हवा सरळ वर जाते, पत्र्याला लागते, मग पत्र्याखालून आडवी पसरते. पसरताना गार हवा मिसळत जाते आणि प्रत्येक पावलाला तिचं तापमान उतरतं. आगीच्या डोक्यावर दीड-दोनशे अंश असतील तेव्हा चार-पाच हेड सोडून पलीकडे साठ-सत्तरच असतात. त्यातच पहिलं हेड उघडलं की पाणी आगीवर पडतं, वर जाणारी हवा थंड होते आणि पलीकडच्यांची वेळच येत नाही.

पाण्याचा हिशोबही मालकांना सांगावा लागतो, कारण बीड जिल्ह्यात पाणी राखून ठेव म्हणणं सोपं नाही. नेहमीचं अर्ध्या इंची हेड एक बार दाबाला मिनिटाला 80 लिटर सोडतं. दहा मिनिटांत 800 लिटर. बंबाच्या पाइपानं तेवढं पाणी दोन-तीन मिनिटांत जातं, तेही आग मोठी झाल्यावर.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. ती मे महिन्याची आहे.

नियम असा की बल्बचं तापमान त्या जागेच्या सर्वांत जास्त तापमानापेक्षा निदान 30 अंशांनी वर असावं. लाल बल्बला हे लावून पाहा. 68 मधून 30 गेले, उरले 38. आमच्याकडे मेमध्ये सावलीतच 42 असतं. पत्र्याच्या गोदामात, दुपारी तीनला, पत्र्याखाली वीतभर अंतरावर, जिथं हेड असतं तिथं थर्मामीटर साठीच्या आसपास जातो. साठात तीस मिळवले की नव्वद. म्हणजे हिरवा. पिवळासुद्धा 49 ला थांबतो. तरीही मराठवाड्यातल्या पत्र्याच्या शेडांत लाल बल्ब दिसतात, कारण मोठ्या शहरातून आलेल्या ठेकेदाराच्या गाडीत लालच भरलेले असतात आणि नकाशा वातानुकूलित ऑफिसाचा असतो. 60 अंशांत 68 चा बल्ब लगेच फुटेल असं नाही, पण वर्षानुवर्षं प्रत्येक उन्हाळ्यात बुडबुडा जवळजवळ मिटेपर्यंत काचेला तापवत ठेवणं मला पटत नाही. एखाद्या दुपारी वारा पडलेला असताना तो सुटतो आणि खाली गाठी असतात. मग मालक सगळी यंत्रणाच बंद करून ठेवतो. बंद केलेला व्हॉल्व्ह ही माझ्या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

म्हणून मी कायम हिरवा बसवत आलो. आणि कायम एक टोचणी होती की पंचवीस अंश वर गेल्यानं मी आगीला वेळ देतोय. तो वेळ किती, हे मी मनातच ठेवलं होतं. भाच्यानं परवा वहीत मांडून दाखवलं. डिप्लोमा झालाय त्याचा, सूत्रं माहीत आहेत. त्यानं धरलं की शेड चाळीस अंशांवर आहे, आग पेटली आणि हेडपाशी 180 अंशांची हवा सेकंदाला दीड मीटर वेगानं वाहायला लागली. पाच मिलिमीटरचा लाल बल्ब साधारण 18 सेकंदांत सुटतो. तोच पाच मिलिमीटरचा हिरवा 39 सेकंदांत. एकवीस सेकंदांचा फरक. मी म्हटलं, "हेच तर मला खात होतं." त्यावर तो म्हणाला, "मामा, तुम्ही रंगच बघताय. जाडी बघा." आणि त्यानं तीन मिलिमीटरचा हिरवा मांडला. चौदा सेकंद. जास्त तापमानाचा बारीक बल्ब कमी तापमानाच्या जाड बल्बच्या आधी सुटला.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. जाड बुडाचं पातेलं उशिरा तापतं, हे कोणीही सांगेल. बल्ब 93 ला फुटतो म्हणजे हवा 93 झाली की फुटतो असं नव्हे, आतला द्रव तिथवर पोचावा लागतो, आणि द्रव जेवढा जास्त तेवढा तो मागं राहतो. पण रंग ही माझी ओळख झाली होती. लोक मला 'हिरवा बल्बवाला' म्हणत आणि ते मला आवडत असे. त्या आवडीपायी मी बल्बच्या जाडीला दुय्यम धरत आलो.

तरी भाच्याचं सगळं मी मान्य केलेलं नाही. वहीतली आग पहिल्या क्षणापासून 180 अंशांची आहे. खरी आग हळूहळू चढते. सुरुवातीची मिनिटं पत्र्याखाली ऐंशी-नव्वद अंशच असतात, आणि तेव्हा 93 चा बल्ब कितीही बारीक असला तरी सुटणार नाही, लाल सुटून जाईल. बारीक बल्बचं दुसरं दुखणं उलट आहे. रुईच्या गाठींची थप्पी वरच्या पदरानं पेटली की ज्वाळ फार वेगानं धावते. गरम हवा गोदामभर पसरते आणि पाणी आगीवर बसायच्या आत लांबचे बारीक बल्बही सुटायला लागतात. पंपाला जेवढ्या हेडांचा हिशोब दिलेला असतो त्यापेक्षा जास्त उघडली की प्रत्येकाचा दाब उतरतो. मग भरपूर पाणी कुठंच पडत नाही. म्हणून मोठ्या धोक्याच्या साठवणीत बहुतेकदा जाड बल्ब ठेवतात. म्हणून आमचं ठरलं की काटाघर, ऑफिस, कामगारांची खोली इथं तीन मिलिमीटर, कारण तिथं माणसं असतात आणि छत बुटकं असतं. गाठींच्या शेडमध्ये पाच मिलिमीटरचा हिरवा. वादातून एवढं निघालं.

उताराच्या पत्र्यावर अजून भांडण बाकी आहे. गरम हवा आढ्याकडे चढते. त्यामुळे आग वळचणीपाशी असली तरी आधी आढ्याजवळचं हेड सुटू शकतं, आणि त्याचं पाणी भलतीकडे पडतं. भाचा म्हणतो आढ्याची ओळ जवळ घ्या. मी म्हणतो दोन हेड दोन मीटरपेक्षा जवळ आली की एकाचं पाणी दुसऱ्याच्या बल्बवर उडतं. ओला बल्ब तापत नाही, मग आग त्याच्याखाली आली तरी तो गप्प राहतो.

दिवाळीची गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. जिनिंगचा हंगाम आणि रंगकाम एकाच वेळी येतं. रंगारी पाइप लाल करतो तेव्हा त्याच झटक्यात हेडही रंगवतो. रंगाच्या थराखाली बल्ब उशिरा तापतो आणि झाकण चिकटून बसतं. असं हेड खरवडून साफ करायचं नसतं, काढून टाकायचं. मालकाला ते उधळपट्टी वाटते. आणि हंगामभर उडणारी रुई बल्बवर बसते, फ्रेमच्या हातांत अडकून त्याची गादी होते. ती मऊ ब्रशनं किंवा हलक्या हवेनं काढावी लागते, बल्बला हात न लावता. हे काम मी कुणावर सोडत नाही.

एवढं सगळं करूनही एक आग माझ्या हाती येत नाही. प्रेस करताना गाठीत ठिणगी दाबली गेली तर ती आतल्या आत धुमसते, कधी दिवसभर, कधी जास्त. वर पत्र्यापाशी एक अंशही वाढत नाही. बल्ब हिरवा असो, लाल असो, जाड असो, बारीक असो, त्याला काही कळायचं कारणच नाही. नवीन गाठी चोवीस तास तरी थप्पीला न लावता बाहेर, सुट्या ठेवा, हात लावून बघा, वास घ्या, असं मी प्रत्येक मालकाला सांगतो. बाहेर जागा नाही म्हणतात. यंदा भाच्यानं एका गिरणीच्या नकाशातच तेवढी मोकळी जागा आखून दिली आणि हेडांच्या किमतीआधी तिच्यावर मालकाची सही घेतली.