सर, दुसरं पान तेवढं बघाल?



रँकिन सायकलच्या नोट्स सोबत देतोय. वेळ कमी असेल तर दुसरं पान तेवढं तपासा. पुस्तकात बॉयलर म्हटला की ड्रम आलाच, तिथे पाणी आणि वाफ वेगळी होते. पण आपल्या तिरोड्याचे ६६० मेगावॅटचे संच सुपरक्रिटिकल. दाब २२१ बारच्या वर असला की पाणी उकळतच नाही, तापत तापत वाफेसारखं होतं. मग वेगळं काय करणार? म्हणून ड्रम नाही, आणि टी-एस आकृतीत मी तापण्याची रेषा घुमटाच्या वरून नेली आहे. बरोबर आहे ना? संच सुरू करताना मात्र दाब कमी असतो, तेव्हा सेपरेटर लागतोच. त्यावर एकच ओळ आहे. पुरेल? काही सुटलं असेल तर लाल पेनाने तिथेच लिहा.

आपला विद्यार्थी