फोटोतल्या अकरा जणांची नावं

दादा,

अल्बम मिळाला. अंतरपाट खाली येतानाचा फोटो घरात सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. आता एक जास्तीचं काम सांगते, त्याचे पैसे वेगळे लावा. ग्रुप फोटोंतल्या माणसांची नावं छापायची आहेत. बांधलेल्या अल्बमात पानं वाढत नाहीत, म्हणून त्याच पेटीत मावेल अशी चार पानी पुस्तिका चालेल.

नावं मी देईन. तुम्ही आमच्या माणसांना एकच दिवस पाहिलंय. आईच्या लग्नाच्या अल्बममध्ये फेटेवाल्यांची एक अख्खी रांग आहे. त्यातले चौघे कोण, हे आता फक्त आजीला सांगता येतं. म्हणून यावेळी ती आहे तोवरच हे करायचंय.

DSC_0412 घ्या. आईच्या माहेरचे अकरा जण: मागे सहा उभे, पुढे चार बसलेले, एक बाळ मांडीवर. नावं मागच्या रांगेपासून, पाहणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे. बाळाचं नाव ते ज्यांच्या मांडीवर आहे त्यांच्यानंतर. मागे एकाचं फक्त कपाळ दिसतं, त्यालाही मोजा. तो सुटला तर पुढचं प्रत्येक नाव शेजारच्याला चिकटेल. शेवटी डोकी आणि नावं मोजून पाहा, दोन्हीकडे अकराच हवेत.

पानाच्या मांडणीसाठी एखादा फोटो आडवा उलटवला असेल तर तेवढं सांगा, कारण तिथे डावं-उजवं फिरतं. पुरुषांच्या शर्टाचा खिसा त्यांच्या उजव्या छातीवर दिसला की ते ओळखता येतं.

नुसतं ‘मामा’ लिहू नका. आईचा मामा माझा आजोबा लागतो, आणि माझ्या मुलांना तर काहीच कळणार नाही. पूर्ण नाव, गाव आणि ‘नवरीच्या आईचे मामा’, असं नातं एकाच माणसापासून मोजलेलं हवं. बायकांचं सासरचं नाव लिहून पुढे माहेरचं आडनाव. आजी त्यांना माहेरच्या नावानेच ओळखते.

मजकूर मी युनिकोडमध्ये टाइप करून पाठवेन. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो टाकल्यावर कधीकधी जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. म्हणून छापण्याआधी पानाचा फोटो पाठवा.

त्याआधी एवढंच करा: सगळे ग्रुप फोटो लहान आकारात, प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्याचा नंबर छापून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की फाइलचं नाव बदलतं, मग आम्ही कुठल्या फोटोबद्दल बोलतोय ते तुम्हाला कळणार नाही. मी ते मोठ्या कागदावर छापून आजीपुढे ठेवीन. दुपारच्या झोपेनंतर तासभर तिला सगळं नीट आठवतं. रोज दोन फोटो झाले, तरी पंधरा दिवसांत यादी तुमच्याकडे येईल.